बिलापेक्षा मोठी बचत

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला आहे. दोन इमारती, ४० फ्लॅट, दोन लिफ्ट, पाण्याचे तीन पंप. सोसायटीच्या सामाईक मीटरचं बिल महिन्याला ३८ हजारांच्या आसपास यायचं आणि मासिक सभेत त्यावर दहा मिनिटं हळहळून आम्ही पार्किंगच्या विषयाकडे वळायचो. जून २०२४ मध्ये एका सभासदाने गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय काढला. सेक्रेटरी मी, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मी वाणिज्य शाखेची, विजेतलं मला फ्यूजपलीकडे काही कळत नव्हतं. पुढच्या दहा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे. दुसऱ्या कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला रात्री दोन वाजता एक्सेल उघडून बसावं लागू नये, एवढाच हेतू.

जुलैमध्ये तीन कंपन्यांना बोलावलं. तिघांचे लोक गच्चीवर गेले, टेप लावली, फोटो काढले, चहा प्यायले आणि आठवड्याभरात कोटेशन आली. सगळ्यांत देखणं कोटेशन २० किलोवॉटचं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, पहिल्या वर्षाची बचत ६ लाख १५ हजार, २५ वर्षांची बचत ३ कोटी १३ लाख. कमिटीत तो कागद हातोहात फिरला. कुणीतरी गच्चीवर जॉगिंग ट्रॅक करायच्या गोष्टीसुद्धा सुरू केल्या.

आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. ते एकटे गप्प होते. सभा संपल्यावर त्यांनी बिलांची फाईल काढली, वर्षाची बेरीज मारली आणि मला म्हणाले, "ताई, आपलं अख्ख्या वर्षाचं बिल साडेचार लाख. हे सहा लाख कुठून वाचवणार?"

तो कागद मी चार वेळा वाचला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग आम्ही दोघं त्या आकड्याचा उलटा माग काढत गेलो. कंपनीने धरलं होतं की एक किलोवॉट वर्षाला १,५०० युनिट देतो, म्हणजे २० किलोवॉटचे ३० हजार. त्या ३० हजारांना आमच्या बिलातल्या सर्वांत महाग स्लॅबच्या दराने गुणलं होतं. आमचा वापर मात्र वर्षाला २४ हजार युनिट, महिन्याला सरासरी २ हजार. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि तिचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, हे खरं. पण हा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या युनिटांना बिलातला दर मिळत नाही, त्याच्या मानाने अगदी किरकोळ दर मिळतो. म्हणजे सहा हजार युनिट असे होते, ज्यांची बचत फक्त कागदावर होती. शिवाय आमचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायला वीज कंपनीने मंजुरी दिली आहे तो आकडा, १५ किलोवॉटचा. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचा प्रकल्प मंजूर भारापेक्षा मोठा लावता येत नाही. २० चा लावायचा तर आधी भार वाढवून घ्यावा लागला असता, आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

इथून पुढे मी कंपन्यांचे आलेख बाजूला ठेवले आणि बिल घेऊन बसले.

सामाईक मीटरला घरगुती दर लागतो आणि त्यात स्लॅब असतात, पण ४० घरांच्या पंपांना आणि लिफ्टला मिळून स्लॅब एकाच घराइतके. त्यामुळे पहिले ५०० युनिट चुटकीसरशी संपतात आणि उरलेले १,५०० सगळ्यात वरच्या दराने लागतात. २०२४-२५ च्या आमच्या बिलावरून वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क एकत्र धरून ढोबळ दर असे निघाले: पहिल्या १०० युनिटांना ७ रुपये, पुढच्या २०० ना १३, त्यापुढच्या २०० ना १८ आणि ५०० च्या वर साडेवीस. स्थिर आकार वेगळा, तो सोलर लावलं तरी भरायचाच.

याचा अर्थ असा की सोलर बिल वरून खायला लागतं. पहिले पॅनल साडेवीस रुपयांची युनिटं वाचवतात, आणि जसजसे पॅनल वाढवत जावे तसतशी नवीन पॅनलच्या वाट्याला १८ ची, १३ ची आणि शेवटी ७ ची युनिटं येतात. म्हणून एकच दर धरून गुणाकार केला की उत्तर हमखास फुगतं.

दुसरी गोष्ट महिन्यांची. पुण्यात एक किलोवॉट मार्च ते मे या महिन्यांत साधारण १४५ युनिट देतो आणि जुलै-ऑगस्टला ८० वर येतो. एका मैत्रिणीच्या सोसायटीत तीन वर्षांपासून प्रकल्प आहे. तिच्याकडून महिनावार नोंदी मागून घेतल्या, त्यात वर्षाला किलोवॉटमागे १,४०० च्या आसपास निघत होते. आम्ही तोच आकडा धरला. कंपनीच्या अंदाजापेक्षा पुरी झालेली नोंद बरी.

मग बारा ओळींचा तक्ता केला. प्रत्येक महिन्याचा वापर, उत्पादन, मागची शिल्लक, उरलेली युनिटं आणि त्यांचं स्लॅबप्रमाणे बिल. हेच १२, १५ आणि १८ किलोवॉटसाठी करून पाहिलं. १२ चा प्रकल्प वर्षाला ३ लाख ४२ हजार वाचवत होता. १५ चा ४ लाख ८ हजार. १८ चा ४ लाख ५० हजारांच्या थोडा वर. म्हणजे पहिल्या १२ किलोवॉटमधला प्रत्येक किलोवॉट वर्षाला साडेअठ्ठावीस हजार कमावतो, पुढचे तीन प्रत्येकी बावीस हजार आणि त्यापुढचे तीन जेमतेम चौदा-पंधरा हजार. अठराचाही तोटा होत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागणार होता आणि शेवटचे पॅनल पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाणार होते. १५ वर थांबायचं ठरलं.

सावलीबद्दल एक गोष्ट कराच. २२ डिसेंबरच्या आसपास, जेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात, तेव्हा एक पूर्ण दिवस गच्चीवर काढा. मी सकाळी नऊ, बारा, तीन आणि साडेचारला खडूने सावलीच्या कडा आखल्या. कंपनीच्या नकाशात सहा पॅनल जिथे होते, तिथे तीन वाजता शेजारच्या इमारतीच्या टाकीची सावली येत होती. पाहणी झाली होती जुलैत, भर दुपारी. तेव्हा ती सावली तिथे असणारच नव्हती. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या अंगावर सावली पडली की नुकसान त्या एकापुरतं राहीलच असं नाही. नकाशा बदलून घेतला.

आता वर्षागणिक होणाऱ्या घटीचं. सभेत सगळ्यांत जास्त भीती याचीच होती. "दहा वर्षांनी हे पॅनल म्हणजे नुसत्या काचा राहतील," असं एक सभासद छातीठोकपणे सांगत होते. कोटेशनमधल्या हमीपत्रात लिहिलेलं असतं की पहिल्या वर्षी उत्पादन क्षमता जास्तीत जास्त २ टक्के घटेल, नंतर दरवर्षी ०.५५ टक्के, आणि २५ व्या वर्षाअखेर ८४.८ टक्के शिल्लक राहील. टॉपकॉन नावाच्या नव्या प्रकारात पहिल्या वर्षी १ टक्का, पुढे ०.४. पहिल्या वर्षीची घट जास्त धरतात, कारण नवा पॅनल उन्हात आला की सुरुवातीलाच थोडी क्षमता गमावतो आणि मग स्थिरावतो.

हमीपत्रावर मी पूर्ण विसंबले नाही. आयआयटी मुंबईचं सौरऊर्जा केंद्र आणि राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था यांनी मिळून देशभरातले जुने पॅनल तपासले होते. त्यात उष्ण प्रदेशात आणि छतावरच्या छोट्या प्रकल्पांत घट जास्त आढळली होती. आपला प्रकल्प या दोन्हींत बसतो. म्हणून आम्ही हिशोबात सरसकट दरवर्षी १ टक्का घट धरली, हमीच्या जवळपास दुप्पट.

आणि मग गंमत दिसली. १ टक्क्याने दहा वर्षांनी उत्पादन १० टक्के कमी होतं. पण तेच तक्त्यात घातलं तर बचत ४ लाख ८ हजारांवरून ३ लाख ७८ हजारांवर येते, म्हणजे साडेसात टक्केच कमी. कारण पुन्हा स्लॅबच. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जी युनिटं हातची जातात, त्यांतली बरीच खालच्या, स्वस्त स्लॅबची असतात. दर तेच राहिले असं धरून दहा वर्षांचा एकूण फटका दीड लाखाचा. घट अर्धा टक्का धरली असती तर पाऊण लाखाचा. म्हणजे ज्या अर्ध्या टक्क्यावरून आमच्या सभेत आवाज चढले, त्याची किंमत दहा वर्षांत पाऊण लाख. त्याच काळात एकदा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करून देणारं यंत्र, बदलावा लागेल म्हणून आम्ही १ लाख २० हजार बाजूला धरले होते. त्यावर कुणी एक शब्द बोललं नव्हतं, कारण इन्व्हर्टर बदलण्याची ओळ एकाही कोटेशनमध्ये नव्हती.

मग तीन कोटी आले कुठून? त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: विजेच्या दरात दरवर्षी ६ टक्के वाढ. २५ वर्षं चक्रवाढीने. घट अर्धा टक्का आणि वाढ सहा टक्के, मग आलेख वरच जाणार. उद्या दर वाढतील की स्लॅब बदलतील हे कुणीच सांगू शकत नाही. आम्ही दरवाढ शून्य धरली आणि दहा वर्षांच्या पुढे पाहिलंच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. खर्च १० लाख ८० हजार, जीएसटीसह. किलोवॉटमागे ७२ हजार, हे थोडं जास्त वाटेल. पण आम्हाला सांगाडा आठ फूट उंच हवा होता, म्हणजे खाली पापड-कुरडया वाळत घालता येतील. ही अट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. तिच्याशिवाय ठराव पास झाला नसता. शिवाय अनुदान हवं तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात आणि ते महाग असतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, म्हणजे आमचे २ लाख ७० हजार. सभेत मात्र अनुदान न धरता हिशोब मांडला. पॅनल धुण्याचे महिना दीड हजार आणि विम्याचे वर्षाला ४ हजार वजा जाता बचत पावणेचार लाखांच्या वर, पैसे पावणेतीन-तीन वर्षांत परत. अनुदान आलं तर दोन वर्षांच्या आसपास. पैसे येईपर्यंत ते आलेले नसतात, हे काकांचं वाक्य. सिंकिंग फंडाला हात लावू नका असं ऑडिटरने सांगितलं, म्हणून प्रत्येक फ्लॅटकडून २७ हजार, तीन हप्त्यांत. दोघांनी विरोधात मत दिलं, तेही इतिवृत्तात लिहिलं.

आता उशीर कसा झाला ते. pmsuryaghar.gov.in वर अर्ज भरताना ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर बिल्डरचं नाव आलं. १४ वर्षं आम्ही बिल्डरच्या नावाचं बिल भरत होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं! नाव बदलायला सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, शेवटचं भरलेलं बिल आणि बिल्डरचं ना हरकत पत्र लागलं. शेवटचा कागद मिळवायला मला चार फेऱ्या पडल्या. यात पाच आठवडे गेले. तुमच्या सोसायटीत सोलरचा विचार पुढच्या वर्षी असला तरी बिलावरचं नाव आज बघून घ्या. अनुदान ज्या खात्यात यायचं तेही सोसायटीच्याच नावाचं लागतं.

१० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. आमचा १५ चा, म्हणून ती झाली. अडचण काही आली नाही.

मार्चमध्ये काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवर गेले तर एक मुलगा ड्रिल घेऊन थेट कोब्याला भोक पाडत होता. करारात स्पष्ट लिहिलं होतं की सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय उभे करायचे, वॉटरप्रूफिंगला छेद द्यायचा नाही. त्याला करार कुणी दाखवलाच नव्हता. एक भोक पडलं होतं, ते कंपनीच्या खर्चाने बुजवून घेतलं आणि पावसाळाभर सातव्या मजल्यावरच्या छताकडे बघत राहिले. गळलं नाही. पण पाया घालतानाचे दोन दिवस कमिटीतलं कुणीतरी वर हजर असू द्या.

पॅनल आले तेव्हा केलेली एक गोष्ट फार उपयोगी आहे. ५४० वॉटचे २८ पॅनल होते. प्रत्येकाच्या मागे अनुक्रमांक असतो. वर चढवण्याआधी सगळ्यांचे फोटो काढले आणि कंपनीकडून फ्लॅश टेस्ट रिपोर्ट मागितला. कारखान्यात प्रत्येक पॅनलवर ठरावीक प्रकाश टाकून तो किती वॉट देतो हे मोजलेलं असतं, अनुक्रमांकासकट. आमच्या यादीत ५४१ पासून ५४५ पर्यंतचे आकडे आहेत. २५ वर्षांची हमी कधी मागायची वेळ आली तर तुलना याच्याशी होणार. हा कागद आपणहून कुणी देत नाही, मागावा लागतो. शेवटचा हप्ता तो हातात पडल्यावरच दिला.

३१ मार्च २०२५ ला नेट मीटर लागला आणि १ एप्रिलपासून हिशोब सुरू झाला. तारीख योगायोगाने जमली, पण फार सोयीची आहे. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात वापरता येते. अनुदान जुलैत खात्यात आलं.

पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि चार फोन आले: "सोलर असून लिफ्ट बंद कशी?" ग्रिड बंद झाला की हा प्रकल्पही आपोआप बंद होतो. तसं नसतं तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसला असता. हे मी सभेत सांगितलं होतं. नोटीस बोर्डावरही लावायला हवं होतं.

वर्षाचं उत्पादन २० हजार ३६० युनिट भरलं. अंदाज २१ हजारांचा होता. "बघा, पहिल्याच वर्षी तीन टक्के घट," असं लगेच ऐकायला मिळालं. महिनावार वही उघडली तर खड्डा मे महिन्यात होता. २०२५ मध्ये मे महिना पावसातच गेला, मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात दाखल झाला होता. त्या एका महिन्यात २,१७५ च्या जागी १,७०० युनिट. म्हणजे ६४० पैकी ४७५ ढगांचे. उन्हात वर्षावर्षाला एवढा फरक पडत असताना अर्धा-एक टक्क्याची घट वर्षाच्या बेरजेत दिसणारच नाही. आणि जुलैपासून विजेचे दरही बदलले, त्यामुळे मी तुलना युनिटांतच करते, रुपयांत नाही.

खरी घट डोळ्यांना दिसली ती धुळीची. आमच्या इन्व्हर्टरला १४-१४ पॅनलच्या दोन माळा आहेत आणि मोबाइलवर दोन्हींचे आकडे वेगळे दिसतात. या फेब्रुवारीत शेजारी बांधकाम सुरू होतं. तीन आठवडे मुद्दाम काही धुतलं नाही, मग सकाळी सहाला एकच माळ धुवून घेतली. दुपारी बाराला धुतलेली ५.४ किलोवॉट देत होती आणि न धुतलेली ५.०. साडेसात टक्के! हमीपत्रातल्या दहा वर्षांच्या घटीला तीन आठवड्यांच्या धुळीने गाठलं होतं. आता फेब्रुवारी ते मे दर दहा दिवसांनी धुतो. ऊन चढायच्या आत, टाकीच्या पाण्याने. बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग धरतात.

घट मोजायला मी एक पद्धत ठेवली आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आदल्या दिवशी सगळे पॅनल धुवून, आकाश निरभ्र असलेल्या दिवशी दुपारी साडेबाराला दोन्ही माळांचे आकडे आणि हवेचं तापमान वहीत लिहायचं. तापमान यासाठी की पॅनल तापला की कमी देतो. वहीत सध्या एकच ओळ आहे. काकांनी तिच्याखाली आणखी नऊ ओळी पट्टीने आखून ठेवल्यात.